मैफलीचं परीक्षण: 'रंगली नाही' असं लिहिण्याऐवजी नेमकं काय लिहायचं?

सायली_ठाणे
नमस्कार मंडळी. आमच्या संगीत मंडळाच्या त्रैमासिकासाठी एका मैफलीचं परीक्षण लिहायचं आहे. गायिका तरुण आहे, मोठ्या मंचांवर अजून फारशी आलेली नाही, म्हणून नाव देत नाही. तिने विलंबित एकतालात शुद्ध कल्याण गायला, मग द्रुत तीनताल, एक नाट्यपद आणि शेवटी भैरवी. माझा कच्चा मसुदा असा आहे:

"शुद्ध कल्याणची बढत रंगली नाही. अधूनमधून निषाद लागत असल्याने रागाची शुद्धता ढळली. काही वेळा गांधार चढा वाटला. दोनदा सम चुकली. तानांमध्ये दमछाक जाणवली. तबला अंगावर येत होता. तरीही कलाकार गुणी असून भवितव्य उज्ज्वल आहे. संवादिनी व तबल्याची साथ समर्पक होती."

वाचताना मलाच वाटतंय की टीका सगळी मोघम आहे आणि कौतुक नुसतं पाठीवर हात फिरवल्यासारखं झालंय. तिच्यावर अन्याय नको आणि वाचकांची फसवणूकही नको. मी वहीत वेळा टिपल्या आहेत, कुणाला हव्या असतील तर देते.

षड्जपंचम
सायली, वेळा टिपल्यात हे फार बरं केलंत. त्या आधी द्या. 'बढत रंगली नाही' हा निष्कर्ष झाला. तो तुम्ही कशावरून काढलात ते वाचकाला दिसलं पाहिजे, आणि गायिकेलाही. विलंबित किती वाजता सुरू झालं? मंद्रातून बाहेर कधी आली? तार षड्ज पहिल्यांदा कधी लागला? अंतरा घेतला का? ताना कधी सुरू झाल्या?

सायली_ठाणे
६:५० ला विलंबित सुरू. मंद्रातलं काम साधारण ६:५४ पर्यंत. तार षड्ज ७:०२ ला. अंतरा ७:०६ ला. ताना ७:१२ पासून, विलंबित संपलं ७:३१ ला. सुरुवातीला एक आवर्तन ५२ सेकंदांचं होतं, ताना सुरू झाल्या तेव्हा चाळीसच्या आसपास.

षड्जपंचम
मग तुमचं परीक्षण या आकड्यांतच आहे. एकेचाळीस मिनिटांच्या ख्यालात मंद्राला चार मिनिटं, आणि बाराव्या मिनिटाला तार षड्ज. शुद्ध कल्याणचा जीव मंद्र आणि मध्य सप्तकाच्या पूर्वांगात आहे. पंचमावरून रिषभावर येणारी मींड, गांधार-रिषभावरून षड्जावर उतरून थांबणं, मग षड्जाखाली धैवत-पंचमापर्यंत जाणं, या सगळ्याला वेळ लागतो. तो मिळाला नाही म्हणून तुम्हाला बढत उणी वाटली. ताना मात्र एकोणीस मिनिटं चालल्या, म्हणजे जवळपास निम्मा ख्याल. 'रंगली नाही' काढा आणि हे लिहा. वाचक सहमत होईल किंवा होणार नाही, पण तुम्ही काय ऐकलंत ते त्याला कळेल.

आवर्तन ५२ वरून ४० सेकंदांवर आलं यात दोष काही नाही. लय वाढवत नेणं रिवाजातलंच आहे. एकाच आवर्तनात लय झटकन चढली आणि पुढचा मुखडा धावत घ्यावा लागला, असं झालं असेल तरच ते लिहिण्यासारखं.

एक मात्र आधी विचारायला हवं होतं: ती गाते कुठल्या परंपरेतलं? किराण्याच्या गायिकेला हा हिशेब लागू होतो, कारण एकेक स्वर उलगडत चढणं हीच तिची पद्धत. जयपूरची असती तर सुरुवातीपासून लयीला धरून आकाराने आवर्तन भरत जाणं हेच अपेक्षित असतं, आणि तिथे 'आलापी कमी पडली' म्हणणं म्हणजे तिने न मागितलेल्या परीक्षेत तिला नापास करणं.

सायली_ठाणे
माहितीपत्रकात किराण्याची तालीम लिहिली आहे. सरगमही भरपूर होती.

जुना_श्रोता
हे घड्याळ लावून गाणं ऐकणं मला पटत नाही, तरी तो मुद्दा सोडतो. निषादाबद्दल मात्र सायलीताईंचं बरोबर आहे. शुद्ध कल्याण म्हणजे भूपाच्या स्वरांचा राग. त्यात निषाद आणि तीव्र मध्यम वर्ज्य. गायिकेने निषाद लावला असेल तर चूक आहे आणि ती स्पष्ट लिहावी. हल्ली सगळे सांभाळून लिहितात, म्हणून तरुणांना चुका कळत नाहीत.

षड्जपंचम
काका, आरोहाबद्दल तुमचं म्हणणं खरं: सा रे ग प ध सां, भूपासारखाच. अवरोहात मात्र सां वरून धैवतावर येताना निषाद आणि पंचमावरून गांधारावर येताना तीव्र मध्यम मींडेतून येतो. तो किती उघड दाखवायचा यावर परंपरांमध्ये मतभेद आहेत. किराण्याचे गायक निषाद बऱ्यापैकी स्पष्ट घेतात. भीमसेन जोशींचा शुद्ध कल्याण ऐका, निषाद लपलेला नाही. काही जण तो इतका झाकतात की भूपच वाटावा, मग रिषभावरचा मुक्काम आणि परे मींड यांवरूनच राग ओळखायचा.

म्हणून 'निषाद लागला' एवढ्यावर दोष ठरत नाही. तो कसा लागला ते बघायचं. वरून उतरताना, मींडेत, न थांबता आला असेल तर तो रागाचाच आहे. निषादावर मुक्काम केला, किंवा खालून 'नि रे ग' असं उठून गांधारावर गेली, तर यमनाची सावली पडते आणि तिथे टीकेला जागा आहे. सायली, तुम्हाला कुठला ऐकू आला?

सायली_ठाणे
उतरतानाचा बहुतेक वेळा. मात्र ७:२० च्या सुमारास दोन-तीन तानांमध्ये 'नि रे ग' सारखं काहीतरी वर जाताना आलं. तेव्हाच मी वहीत प्रश्नचिन्ह टाकलं होतं.

षड्जपंचम
मग तेवढंच लिहा. आलापीत राग नीट सांभाळला, द्रुतगतीच्या दोन-तीन तानांत यमनाचं अंग डोकावलं. हे प्रामाणिकही आहे आणि प्रमाणातही. तानांच्या वेगात यमन सांडणं ही या रागातली नेहमीची अडचण आहे, कारण गळ्यात बसलेली नि-रे-ग ची वाट आपोआप उघडते.

जुना_श्रोता
मला अजूनही निषाद उघडा घेणं मान्य नाही. भूपाजवळचा राग भूपाजवळच राहावा.

तबलजी_नाशिक
मी तबला वाजवतो, त्यामुळे शेवटच्या वाक्यावर आधी बोलतो. 'साथ समर्पक होती' हे वाक्य माझ्याबद्दल इतक्यांदा छापून आलंय की आता वाचतही नाही. आणि तुमच्याच मसुद्यात दोनच वाक्यं आधी तबला अंगावर येत होता! मग समर्पक कसा? साथीबद्दल लिहायचं असेल तर हे ऐका: विलंबितात ठेका शांत आणि एकसारखा होता का, की दोन बोलांमधली जागा भरायच्या नादात गायिकेच्या मींडेवर तिरकिट पडत होते? ती समेला आली की लगेच ठेका धरला, की प्रत्येक मुखड्यानंतर तिहाई? द्रुतात तिने जागा दिली तेव्हा किती आवर्तनं वाजवली आणि परत ठेक्यावर येताना लय तीच राहिली का? पेटीवाल्याबद्दल: तो तिच्या मागून येत होता की ती जिथे जाणार तिथे आधीच जाऊन बसत होता? त्याने तिचा दम घेतानाचा अवकाश भरला का?

आता 'दोनदा सम चुकली'. हे छापण्याआधी खात्री करा, कारण हा आरोप गायकाला फार दिवस चिकटतो. विलंबित एकतालात 'धागे तिरकिट' दोनदा येतं, तिसऱ्या-चौथ्या मात्रेला आणि नवव्या-दहाव्या मात्रेला. ऐकणारा पहिल्याला दुसरं समजला की त्याची सम सहा मात्रा पुढेमागे होते आणि गायिका चुकली असं वाटतं. फरक पुढच्या बोलांत आहे. पहिल्या तिरकिटनंतर 'तू ना' येतं, त्यात बाया बंद असतो. दुसऱ्यानंतर 'धी ना', त्यात बायाचा घुमारा असतो, आणि लगेच सम. हा घुमारा कानात ठेवला की गोंधळ होत नाही.

सायली_ठाणे
मोजणीत गोंधळ नव्हता, मी बोटांवर मात्रा धरल्या होत्या. दोन्ही वेळा सरगमचा मोठा पल्ला घेऊन ती समेच्या थोडं नंतर मुखड्याच्या शब्दावर आली.

तबलजी_नाशिक
दोन्ही वेळा तेवढंच नंतर? आणि मुखडा पूर्ण म्हणाली की अर्धा गिळून?

सायली_ठाणे
पहिल्यांदा मुखडा पूर्ण होता, तबलेवाल्याने मान डोलावली. दुसऱ्यांदा शब्द तोडला आणि पुढच्या आवर्तनात जवळजवळ सगळा वेळ ती गप्प होती.

तबलजी_नाशिक
पहिली मुद्दाम घेतलेली असणार. सम उलटून गेल्यावर येऊन दाखवणं ही सौंदर्याची जागा आहे. तिला चूक म्हटलंत तर जाणकार वाचक तुमच्याकडेच बघतील. दुसरी मात्र खरोखर हुकली. शब्द तुटणं आणि मागून आवर्तन रिकामं सोडणं, या दोन खुणा एकत्र आल्या की शंका राहत नाही. 'एकदा' लिहा.

मिरज_ध्वनी
मी सभागृहांची ध्वनिव्यवस्था बघतो. तबला अंगावर येत होता म्हणालात. कुठे बसला होतात? पहिल्या दोन-तीन रांगांत, आणि त्यातही तबल्याच्या बाजूला, तबला थेट मंचावरूनच कानावर येतो. गळा मात्र मुख्यतः स्पीकरमधून, आणि मंचाच्या दोन्ही बाजूंचे उंचावरचे स्पीकर पुढच्या रांगांच्या डोक्यावरून जातात. म्हणून पुढे बसलेल्याला गळा दबलेला आणि तबला मोठा वाटतो. सज्जाखाली शेवटच्या रांगांत उलट: बायाचा घुमारा साचतो आणि शब्द पुसट होतात. मधल्या रांगांत, सज्जाच्या कडेच्या थोडं पुढे बसलात तर सगळ्यात खरं ऐकू येतं. मध्यंतर असेल तर जागा बदलून बघायची. दोन्हीकडे तबला मोठा वाटला तरच 'ध्वनिसंयोजनात तबला वर होता' असं लिहा, आणि ते ध्वनिसंयोजनाच्या नावावर लिहा, वादकाच्या नाही.

सायली_ठाणे
दुसरी रांग, तबल्याच्या बाजूला. मध्यंतर नव्हतं. मग ते वाक्य काढते.

मिरज_ध्वनी
काढू नका. 'दुसऱ्या रांगेतून ऐकताना' एवढं जोडा. आयोजकांनाही त्यातून काही कळेल.

आणि गांधार चढा वाटला म्हणता, तो पेटी वाजत असताना की नुसत्या तानपुऱ्यावर?

सायली_ठाणे
पेटी वाजतच होती. फरक पडतो?

मिरज_ध्वनी
फार पडतो. साधी पेटी समान अंतरांच्या सुरांत लावलेली असते. सप्तकातल्या बारापैकी एका अंतराचे शंभर भाग केले तर तिचा शुद्ध गांधार तानपुऱ्याच्या खर्जातून ऐकू येणाऱ्या स्वयंभू गांधारापेक्षा सुमारे चौदा भाग चढा असतो. भूप, शुद्ध कल्याण अशा रागांत गांधारावर लांब मुक्काम असतो, म्हणून दोन गांधार एकमेकांवर घासतात. गायिका तानपुऱ्याशी जुळलेली असली तर चढा सूर पेटीचा असतो, आणि ऐकणाऱ्याला तो गळ्याचा वाटू शकतो. उपाय एकच: पेटी थांबते त्या क्षणाला कान द्या. तेव्हा गांधार तानपुऱ्यात विरघळला तर गळा सुरात आहे. काही पेटीवाले गांधार उतरवून लावून घेतात, त्यांच्या साथीत हा त्रास कमी होतो. ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी तर बावीस श्रुतींची पेटीच तयार केली आहे.

तबलजी_नाशिक
यात एक भर. मंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेने तानपुऱ्याच्या तारा सैल पडून सूर उतरतो, आणि त्याच उष्णतेने तबल्याची शाई-पुडी सुकून सूर चढतो. दोन्ही विरुद्ध दिशांना जातात. म्हणून पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांनी मी गट्ट्यांवर हातोडी मारताना दिसतो. त्या मधल्या काळात काही बेसूर वाटलं तर आधी बघा, कुणी वाद्य जुळवून घेतंय का. लगेच गळ्यावर ठपका नको.

सुरेल_आई
नमस्कार. माझ्या मुलीचा भावगीतांचा अल्बम नुकताच निघाला आहे, सहा गाणी आहेत. इथे जाणकार दिसतात, कुणी चांगलं परीक्षण लिहून द्याल का? तिचा हुरूप वाढेल.

षड्जपंचम
ताई, मुलीचं अभिनंदन. इथे चर्चा परीक्षण कसं लिहावं यावर चालली आहे, आणि 'चांगलं' असं आधीच ठरलेलं परीक्षण तिच्याही कामाचं नाही. पण लिहिणारा कुणी मिळाला तर त्याला एवढं जरूर सांगा: अल्बम मैफलीसारखा ऐकू नये. ध्वनिमुद्रणात ओळ पुन्हा गाता येते, तुकडे जोडता येतात, सूर यंत्राने सरळ करता येतो. त्यामुळे 'एकही सूर हलला नाही' ही तिथे मोठी स्तुती नाही. तिथे बघायचं ते वेगळं: शब्दाचा उच्चार कुठे फुलतो, दम घेण्याची जागा अर्थ तोडते का, कडव्यांमधले वाद्यखंड गाण्याच्या भावाला धरून आहेत का, आणि सहा गाणी एकाच ठशाची झाली आहेत का. एकदा चांगल्या हेडफोनवर आणि एकदा साध्या स्पीकरवर ऐकायला सांगा. वाद्यमेळ गळ्यावर चढला असेल तर साध्या स्पीकरवर लगेच कळतं.

सुरेल_आई
धन्यवाद. तिला वाचून दाखवते. सूर सरळ केलेत की नाही हे तिने मला सांगितलेलं नाही!

सायली_ठाणे
सुधारलेला मसुदा:

"शुद्ध कल्याणच्या विलंबित ख्यालात मंद्र सप्तकाला चारच मिनिटं मिळाली आणि बाराव्या मिनिटाला गायिका तार षड्जावर पोहोचली. किराण्याची तालीम लक्षात घेता पूर्वांगात अधिक थांबणं ऐकायला आवडलं असतं, कारण जिथे ती थांबली, विशेषतः पंचमावरून रिषभावर येणाऱ्या मींडेत, तिथे राग पूर्ण उभा राहिला. अवरोहातला निषाद तिने मींडेतून, जागच्या जागी घेतला. द्रुतगतीच्या दोन-तीन तानांत मात्र 'नि रे ग' अशा चालीने यमनाची आठवण झाली. सरगमचा एक लांब पल्ला समेनंतर येऊन तिने नेटका पूर्ण केला, दुसरा मात्र तुटला. ताना एकोणीस मिनिटं चालल्या. शेवटच्या भागात तार गांधाराच्या वरच्या तानांचे अखेरचे स्वर पुसट होत होते. तबलावादकाने विलंबितात ठेका स्थिर ठेवला आणि आलापाच्या मध्ये कुठेही बोल घुसवले नाहीत. दुसऱ्या रांगेतून ऐकताना तबला गळ्यापेक्षा मोठा वाटला. संवादिनीवादक गायिकेच्या मागून चालला, दम घेतानाचे अवकाश त्याने मोजक्या स्वरांनी भरले."

गांधाराचं वाक्य काढलं. पेटी थांबली तेव्हा मी कान दिला नव्हता, त्यामुळे आता ठरवता येणार नाही. 'भवितव्य उज्ज्वल' पण काढलं. अजून एक अडचण आहे. मैफलीनंतर कुणीतरी म्हणालं की तिला दोन दिवस सर्दी होती. ते लिहायचं का?

षड्जपंचम
माझं मत नाही. तिने मंचावरून सांगितलं असतं तर लिहिलं असतं. बाहेरून कळलेली तब्येत छापू नये. वाचकाने तिकीट काढून जे ऐकलं तेच परीक्षणात यावं.

तबलजी_नाशिक
मी उलट म्हणतो. पुसट स्वर सर्दीमुळे की दमाच्या कमतरतेमुळे, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. वाचक त्यावरून पुढच्या कार्यक्रमाला जायचं की नाही ठरवतो. निदान तिला फोन करून विचारा, आणि ती 'लिहा' म्हणाली तर लिहा.

जुना_श्रोता
फोन करू नये. परीक्षण लिहिणाऱ्याने कलाकाराशी मैफलीआधी किंवा नंतर बोलू नये, हा जुना दंडक आहे.

आणखी एक सांगतो. ७:३१ ला विलंबित संपवून साडेआठच्या आत भैरवी आटोपली असणार. आता दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, त्यामुळे आयोजक आधीच वेळ कापतात. सवाई गंधर्व महोत्सव रात्रभर चालायचा तेव्हा गायकाला घाई नसे. बढत लवकर आटोपली यात तिच्याकडे किती वेळ होता तेही विचारात घ्या.

षड्जपंचम
हा मुद्दा अगदी योग्य आहे, काका. सायली, तिला एकूण किती वेळ दिला होता ते आयोजकांना विचारता येईल. हे कलाकाराशी बोलणं नव्हे. पण दीड-दोन तास होते असं कळलं तर बाराव्या मिनिटाचं वाक्य तसंच ठेवा. एकेचाळीस मिनिटांत ताना किती आणि मंद्र किती हे तिनेच ठरवलं होतं.

सायली_ठाणे
विचारलं. एकूण दोन तास दिले होते, त्यातली पंधरा मिनिटं सत्कारात गेली. म्हणून बढतीचं वाक्य ठेवते आणि सत्कारामुळे गाण्याचा वेळ कापला गेला हे एका ओळीत जोडते. सर्दीचं सध्या लिहीत नाही, 'अखेरचे स्वर पुसट' एवढंच राहू देते. मजकूर परवा द्यायचा आहे, कुणाला आणखी काही खटकलं तर उद्यापर्यंत सांगा.

तबलजी_नाशिक
'बोल घुसवले नाहीत' ऐवजी 'बोल भरले नाहीत' करा. बाकी वादकाला कात्रण ठेवावंसं वाटेल असं झालंय. नाट्यपद आणि भैरवीबद्दल एक अक्षर नाही, तेवढं बघा.